कंडेन्सर किती उरले की मागवायचे?

आमचं दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे. मोटारपंपाचं सामान, पाइप आणि फिटिंग, फवारणी पंपाचे सुटे भाग आणि थोडं हार्डवेअर असा पसारा. माल यवतमाळच्या एका ठोक दुकानदाराकडून येतो. सोमवारी सकाळी फोनवर ऑर्डर सांगायची, गुरुवारी दुपारपर्यंत त्याची गाडी आमच्या रस्त्याला येते. सोमवारी सांगायचं राहिलं की ती वस्तू पुढच्या गुरुवारपर्यंत विसरायची. ही एवढी गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाचं मूळ आहे.

बाबा तीस-पस्तीस वर्षं नजरेनं माल भरत आले. त्यांचा नियम सोपा होता: चालत्या वस्तूच्या दोन पेट्या ठेवायच्या आणि दुसरी फोडली की एक मागवायची. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा हा नियम कुठे पुरतो आणि कुठे तोकडा पडतो हे मला आकड्यांत पाहायचं होतं. एकीकडे मांडणीवर काही वस्तूंची धूळ झटकावी लागायची, तर दुसरीकडे ऐन ओलिताच्या दिवसांत माणूस पंप बंद ठेवून उभा असायचा आणि नेमका तोच भाग नसायचा.

सुरुवातीला मी सबमर्सिबल पंपाच्या पेटीत बसतो तो ३६ एमएफडीचा कंडेन्सर घेतला. आमच्याकडे सगळ्यात बेभरवशाची मागणी याचीच आहे. पाइपाचा एल्बो कोणाला कधी लागेल ते ढोबळ सांगता येतं, कारण लाइन टाकणारा आधी येऊन भाव विचारून जातो. कंडेन्सर मात्र सांगून उडत नाही. चना आणि गव्हाला पाणी देणं सुरू असतं, लाईन रात्रीची असते, व्होल्टेज खाली येतं, मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. सकाळी पेटी उघडून पाहावं तर कंडेन्सर फुगलेला. त्यात एका डीपीवर वीस-पंचवीस मोटारी असतात. व्होल्टेज गेलं की ते सगळ्यांचंच जातं, म्हणून गिऱ्हाईक एकटं येत नाही, चार-सहा जण एकाच सकाळी येतात. त्यानंतर आठवडाभर कोणी कंडेन्सरचं नावही काढत नाही.

माझा मावसभाऊ बुटीबोरीला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करतो. दिवाळीत आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, दोन आकडे काढ. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत साधारण किती खपतं, हा पहिला. त्या दिवसांत खप जास्तीत जास्त किती भरकटू शकतो, त्यासाठीचा राखीव माल हा दुसरा. दोन्हीची बेरीज म्हणजे तुझी मागवण्याची पातळी. माल त्या आकड्याला आला की ऑर्डर टाकायची." त्याच्या गोदामात याला रीऑर्डर पॉइंट आणि सेफ्टी स्टॉक म्हणतात. आम्ही दुकानात पातळी आणि राखीव म्हणतो.

पहिला आकडा काढायचा तर खप माहीत हवा. बिलबुकं होती, पण बिलबुक विक्री सांगतं, मागणी सांगत नाही. माल संपलेल्या दिवशी बिलबुकात शून्य दिसतं, प्रत्यक्षात त्या दिवशी पाच जण परत गेलेले असू शकतात. म्हणून गल्ल्याशेजारी एक छोटी वही टांगली. दुकानातल्या पोरानं तिचं नाव "नाही-वही" ठेवलं आणि तेच रूढ झालं. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, की तारीख, वस्तू, नग आणि माणसाचं नाव लिहायचं. नाव यासाठी, की तोच माणूस सकाळी विचारून जातो, संध्याकाळी भावाला पाठवतो, आणि एका कंडेन्सरचे वहीत दोन होतात.

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, म्हणजे रब्बीच्या ओलिताचे १६ आठवडे, बिलबुक आणि नाही-वही एकत्र करून दर आठवड्याची मागणी अशी निघाली: ३, २, ५, ४, ०, ९, ३, २, ६, १, ४, १२, ३, २, ५, ३. बेरीज ६४, म्हणजे आठवड्याला सरासरी ४. पण ही सरासरी पाहून कोणी चार कंडेन्सर ठेवले तर तो फसलाच. १६ पैकी फक्त दोन आठवडे नेमके ४ चे आहेत. एक शून्याचा आहे, एक १२ चा. सरासरीपासून आकडे साधारण किती लांब जातात ते मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. शाळेत ते हातानं काढावं लागायचं, आता शीटमध्ये एका शब्दात निघतं. इथे ते ३ आलं. म्हणजे सरासरी ४ आणि तिच्याभोवतीचा हेलकावा ३. वस्तू किती चंचल आहे ते यावरून कळतं.

नाही-वहीनं काय केलं ते याच आकड्यांत दिसतं. १२ च्या आठवड्यात बिलबुकात फक्त ७ होते, उरलेले ५ वहीतून आले. वही नसती तर सरासरी ३.७ आली असती, म्हणजे फार काही बिघडलं नसतं. पण हेलकावा ३ वरून २.३ वर आला असता आणि शेवटची पातळी १२ ऐवजी १० निघाली असती. माल कमी म्हणून विक्री कमी, विक्री कमी म्हणून पातळी कमी, पातळी कमी म्हणून पुन्हा माल कमी. नुसत्या बिलबुकावर पातळी काढली की दुकान असं हळूहळू स्वतःलाच आकसून घेतं, आणि कागदावर सगळं व्यवस्थितच दिसत राहतं.

आता दिवसांचा प्रश्न. मावसभावाच्या सूत्रात माल यायला लागणारे दिवस घालायचे होते. आमच्याकडे ते तीन: सोमवार ते गुरुवार. तीन दिवसांचा सरासरी खप पावणेदोन, राखीव सव्वातीन, पातळी ५. हा आकडा बाबांना दाखवला तर ते हसले. "पाच? काहून बाप्पा, मंगळवारी सहा उरले तर तू काय करशील?"

प्रश्न बरोबर होता. बुटीबोरीच्या गोदामात माल पातळीला आला की त्याच मिनिटाला ऑर्डर जाते. आमची ऑर्डर फक्त सोमवारी जाते. समजा सोमवारी सकाळी कंडेन्सर ६ आहेत. पातळी ५, म्हणून ऑर्डर दिली नाही. पुढची संधी पुढच्या सोमवारी, आणि तो माल येणार त्याच्या गुरुवारी. म्हणजे ते सहा नग पूर्ण १० दिवस पुरवायचे. माल यायला तीन दिवस लागतात हे खरंच, पण आपण उघडे पडतो ते दहा दिवस: दोन ऑर्डरींमधले सात आणि प्रवासाचे तीन. ज्याच्याकडे ठोकवाल्याचा माणूस पंधरा दिवसांनी येतो त्यानं पंधरा अधिक माल यायचे दिवस धरायचे. खेड्यातल्या दुकानात दोन ऑर्डरींमधलं अंतर जवळपास नेहमीच माल यायच्या दिवसांपेक्षा मोठं असतं, आणि मावसभावाच्या सूत्रात नेमकं तेच सुटलं होतं. मावसभावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तोही म्हणाला की अशा ठिकाणी हेच अंतर धरायला हवं, त्याच्याकडे ते शून्य असल्यानं त्याला कधी मोजावं लागलं नाही.

दहा दिवस म्हणजे १.४३ आठवडे. सरासरी खप ४ गुणिले १.४३, म्हणजे ५.७. राखीवासाठी हेलकाव्याला १.४३ नं गुणायचं नाही, त्याच्या वर्गमुळानं गुणायचं, म्हणजे १.२ नं. दिवस वाढले की चढ आणि उतार थोडेफार एकमेकांना कापतात, म्हणून हेलकावा दिवसांइतक्या वेगानं वाढत नाही. ३ गुणिले १.२ म्हणजे ३.६. याला आणखी १.६५ नं गुणायचं, की राखीव ६ निघतो. पातळी ५.७ अधिक ६, म्हणजे १२. शीटमध्ये बी कॉलममध्ये १६ आठवड्यांचे आकडे भरले आणि खाली हे लिहिलं:

```
=ROUNDUP(AVERAGE(B2:B17)*10/7 + 1.65*STDEV(B2:B17)*SQRT(10/7), 0)
```

दुसरी कोणतीही वस्तू असली तरी आकडे तेवढे बदलायचे. ऑर्डरचा फेरा वेगळा असेल तर दोन्ही ठिकाणचा १० बदलायचा.

तो १.६५ कुठून आला? तो आपण ठरवायचा असतो. १.६५ घेतला तर अशा १०० फेऱ्यांपैकी सुमारे ९५ मध्ये माल पुरतो. १.२८ घेतला तर ९०, २.३३ घेतला तर ९९. कंडेन्सरसाठी या तिन्हींची पातळी अनुक्रमे १२, ११ आणि १५ निघते. ९० वरून ९५ वर जायला एक नग लागला, ९५ वरून ९९ वर जायला तीन. वरच्या शेवटच्या पायऱ्या अशाच महाग असतात, म्हणून "कधीच कमी पडू नये" असं म्हणून चालत नाही. कंडेन्सरची आमची खरेदी दीडशेच्या आसपास, त्यामुळे एखादा नग जास्त ठेवायला जड नाही. तीन हजारांच्या स्टार्टर पेटीला मात्र मी १.२८ च लावतो.

१२ वर विश्वास ठेवण्याआधी मी तेच १६ आठवडे कागदावर पुन्हा चालवून पाहिले, एकदा पातळी ५ धरून आणि एकदा १२ धरून. दोन्हीकडे सुरुवात १५ नगांनी. दर सोमवारी शिल्लक पातळीइतकी किंवा कमी असेल तर दहाची एक पेटी मागवायची, नाहीतर गप्प बसायचं. पातळी ५ असताना अकरा आठवडे कसेबसे निभावले. बाराव्या सोमवारी शिल्लक ६ होती, नियमाप्रमाणे ऑर्डर गेली नाही, आणि त्याच आठवड्यात १२ ची मागणी आली. सहा जण परत. तेराव्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार मांडणी रिकामीच. पातळी १२ असताना तोच आठवडा १६ नगांवर सुरू झाला आणि ४ उरले. एकही माणूस परत गेला नाही. फरक फक्त सात नगांचा, म्हणजे हजार-अकराशे रुपये अडकून राहण्याचा. ही कागदावरची फेरी कोणीही बिलबुक घेऊन तासाभरात करू शकतो, आणि सूत्रावर शंका असेल तर तिच्याइतकं चोख उत्तर दुसरं नाही.

आता गंमत अशी, की बाबांचा दोन पेट्यांचा नियम. दहाची दुसरी पेटी फोडली की मागवायचं, म्हणजे त्यांची पातळी १० होती. माझी १२ आली. इतक्या वर्षांच्या नजरेनं सूत्राच्या दोन नग जवळ नेऊन ठेवलं होतं. पण तो मेळ पेटीच्या आकारामुळे बसला होता. पेटी दहाची असते ती कारखान्याच्या सोयीनं, आमच्या गावच्या मागणीशी तिचा काय संबंध? ज्या वस्तूची पेटी मागणीच्या मानानं लहान किंवा मोठी, तिथे हा नियम घसरायचा.

सोल्युशनचे, म्हणजे पीव्हीसी पाइप चिकटवायचे १०० मिलीचे डबे पाहा. एका पेटीत २४. आठवड्याला सरासरी १४ जातात आणि हेलकावा कंडेन्सरइतकाच, ३. म्हणजे राखीवही सूत्रानं तेवढाच, ६. दहा दिवसांचे २० अधिक ६, पातळी २६. बाबांची पातळी २४. कागदावर इथेही सगळं जुळतं. तरी सोल्युशन अधूनमधून संपायचंच, आणि संपायचं तेव्हा गिऱ्हाइकांची काही झुंबड नसायची. नाही-वहीतल्या तारखा गाडीच्या बिलांशेजारी ठेवल्या तेव्हा कारण दिसलं: त्या गुरुवारी गाडीच आली नव्हती. कधी टायर, कधी पाऊस, कधी ठोकवाल्याकडे लग्न. दोन-अडीच महिन्यांतून एखादा गुरुवार असा जातोच.

गाडी चुकली की दहाचे सतरा दिवस होतात. त्या जास्तीच्या आठवड्यात कंडेन्सरचे सरासरी ४ नग लागतात, आणि राखीव ६ आहे, म्हणजे साधा आठवडा असेल तर निभावतं. सोल्युशनचे १४ लागतात, आणि राखीव तेच ६. निभावणं शक्यच नाही. दोन वस्तूंचा हेलकावा सारखा, राखीव सारखा, पण एकीचा धोका गिऱ्हाइकाकडून येतो आणि दुसरीचा गाडीकडून. एकसारख्या आणि भरपूर खपणाऱ्या वस्तूला गाडीचा उशीर जास्त मारतो, आणि नेमक्या अशाच वस्तूंकडे दुकानदार निर्धास्तपणे पाहतो. गाडीचा उशीर सूत्रात घालायची रीतही आहे, पण ती थोड्याफार कमी-जास्त होणाऱ्या उशिरासाठी. आमची गाडी अर्धा दिवस उशिरा येत नाही. येते नाहीतर पूर्ण आठवडा बुडवते. म्हणून सोल्युशनला मी सूत्र बाजूला ठेवलं आणि सरळ सतरा दिवसांचा सरासरी खप धरला: दिवसाला २, पातळी ३४. याहून वर जायला मन धजत नाही, कारण डबा जुना झाला की आतलं घट्ट होतं आणि प्लंबर तो तोंडावर आणून देतो.

पातळी ठरवणं अर्धं काम. दुकानात गर्दी असताना शीट कोण उघडणार? म्हणून मांडणीतच खूण केली. कंडेन्सरचे खोके रांगेत लावले, मागून बारावं मोजलं आणि त्याच्यापुढे जाड लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी केली. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, पातळी आणि पेटी कितीची एवढंच. पुढून माल काढता काढता चिठ्ठी हाताला लागली की ती उचलून गल्ल्याजवळच्या पहिल्या खिळ्याला लावायची. सोमवारी त्या खिळ्यावरच्या चिठ्ठ्या म्हणजेच ऑर्डरची यादी. फोन झाला की चिठ्ठी दुसऱ्या खिळ्यावर जाते, आणि माल उतरला की परत मांडणीत. दुसरा खिळा महत्त्वाचा आहे. पातळीशी ताडून पाहायचा तो नुसता मांडणीवरचा माल नव्हे. मागवलेला पण अजून न आलेला मालही त्यात धरायचा असतो. गाडी चुकलेल्या सोमवारी मांडणीवर ८ दिसतात, पण दहाची पेटी वाटेवर असते. दुसऱ्या खिळ्यावर चिठ्ठी दिसली की तीच वस्तू घाबरून दोनदा मागवली जात नाही. उलट, मांडणीवर दोन किंवा कमीच उरले असतील तर एका पेटीनं बेरीज १२ च्या वर जात नाही, तेव्हा दोन पेट्या सांगायच्या, हेही चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवलं आहे.

यात बिघाड एकाच प्रकारचा होतो. घाईत नवा माल चिठ्ठीच्या मागे न सारता पुढेच रचला जातो. मग जुना कंडेन्सर वर्षभर मागे पडून राहतो आणि चिठ्ठीच्या मागे बाराऐवजी नऊच निघतात. म्हणून शनिवारी बाजाराची गर्दी ओसरली की पोरगा पाच-सहा चिठ्ठ्यांमागचे नग मोजून पाहतो. सगळे कधीच मोजत नाही.

आता त्या १२ च्या आठवड्याबद्दल. गावाच्या खालच्या अंगाची डीपी जळाली होती. ती बदलून आली आणि पहिल्याच रात्री लाईन खूप वरखाली होत राहिली. दोन दिवसांत एकाच शिवारातले लोक लागोपाठ आले. ९ चा आठवडाही असाच, फक्त शिवार वेगळं. १.६५ चा आकडा असं गृहीत धरतो की मागणी सरासरीच्या वर आणि खाली सारखीच हेलकावते, आणि त्यासाठी एका गिऱ्हाइकाचं येणं दुसऱ्याच्या येण्याशी जोडलेलं नसावं लागतं. इथे तर सगळे एकाच तारेला जोडलेले! म्हणून ९५ टक्क्यांचा आकडा खऱ्या आयुष्यात ९५ नसतो, थोडा कमीच असतो. एकाच आठवड्यात दोन डीपी गेल्या तर १२ ची पातळी पुरणार नाही, हे मला माहीत आहे.

त्यासाठी पातळी २५ करायची का? मी हिशेब केला आणि नको म्हटलं. त्याऐवजी दोन गोष्टी धरल्या. एक, गावच्या वायरमनशी बोलणं ठेवलं. डीपी बदलायला निघाली की तो चहाला थांबतो तेव्हा कळतंच, मग त्या सोमवारी चिठ्ठी निघाली नसली तरी मी एक पेटी जास्त सांगतो. दुसरं, काळीपिवळी. यवतमाळहून आमच्याकडे येणाऱ्या काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे ठोकवाला पेटी देतो आणि ती संध्याकाळपर्यंत दुकानात पोहोचते. त्याचे पन्नास-साठ रुपये द्यावे लागतात. दहा कंडेन्सरवर ते वाटले तर नगाला पाच-सहा रुपये, म्हणजे नफा कमी होतो पण तोटा नाही. मोठी लाट वर्षातून एकदोनदा येते. तिच्यासाठी वर्षभर माल भरून ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पण हा रस्ता हलक्या, लहान आणि बऱ्या नफ्याच्या वस्तूलाच चालतो. वीस फुटी पाइप काळीपिवळीच्या टपावर कोण घेणार?

महिनाभरात हे सगळं चाळीसेक वस्तूंना लावलं. दुकानात वस्तू आठ-नऊशे असतील, पण रोजचा धंदा या चाळिसांवर. उरलेल्यांत दोन गट असे आहेत की त्यांना हे सूत्र लावायचंच नाही. पहिला, वर्षाला दोन-तीनच जाणाऱ्या वस्तूंचा, जशी थ्री-फेज स्टार्टरची कॉइल. १६ आठवड्यांत १५ शून्यं आणि एक १ असेल तर सरासरी आणि हेलकावा काढून हाती काहीच लागत नाही. तिथे प्रश्न एवढाच: ही नसेल तर माणूस गुरुवारपर्यंत थांबेल का? थांबणार असेल तर ठेवायची नाही. कॉइल जळाली तर पाणी बंद, तो थांबत नाही, थेट दारव्ह्याला जातो. म्हणून एक ठेवतो आणि ती गेली की त्याच सोमवारी दुसरी. पाइपाला लागणाऱ्या अवघड मापाच्या रिड्यूसरसाठी मात्र लोक थांबतात, ते आम्ही ठेवणंच बंद केलं. बाबांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते दुकानात शोभेलाही माल लागतो, आणि यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

दुसरा गट ताडपत्रीसारख्या वस्तूंचा. सोयाबीन कापून वावरात ढीग लागलेले असतात आणि आभाळ भरून येतं, तेव्हा दोन तासांत सगळ्या ताडपत्र्या जातात. त्या दिवशी पातळी गाठून, सोमवारी फोन करून, गुरुवारी आलेली ताडपत्री काय कामाची? तिचा निर्णय हंगामाआधी एकदाच घ्यायचा असतो. एक नग कमी पडला तर जाणारा नफा आणि एक नग उरला तर होणारा तोटा यांची तुलना करायची. आमच्याकडे ताडपत्रीमागे नफा ३०० चा आणि उरली तर वर्षभर पैसे अडकण्याचा व उंदरांचा मिळून तोटा ६० चा धरला. ३०० भागिले ३६०, म्हणजे ८३ टक्के. मागच्या काही हंगामांचा खप चढत्या क्रमानं लावून, सहापैकी पाच हंगाम ज्यात भागले असते तो आकडा घ्यायचा. हे सप्टेंबर संपायच्या आत करतो.

सगळ्यात जास्त लक्ष मागतं ते पातळी उतरवणं. १२ हा आकडा ओलिताच्या १६ आठवड्यांचा आहे, वर्षाचा नाही. फेब्रुवारीत चना निघायला लागतो, मार्चमध्ये गहू, विहिरी तळाला जातात आणि कंडेन्सरची मागणी ओसरते. तीच पातळी चालू ठेवली तर मार्चच्या एखाद्या सोमवारी चिठ्ठी निघते, एक पेटी येते, आणि ती दसऱ्यापर्यंत तशीच पडून राहते. तारीख ठरवून उतरवणंही जमत नाही. पाऊस लांबला की वाफशावर चना उगवतो आणि ओलित उशिरा सुरू होतं, पाऊस लवकर उघडला की कपाशीलाच पाणी द्यावं लागतं आणि हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उभा राहतो. म्हणून शेवटच्या चार आठवड्यांची बेरीज पाहतो. हंगामात ती १६ च्या आसपास असायला हवी. ८ च्या खाली गेली की पातळी १२ वरून ६ वर आणतो, ४ च्या खाली गेली की २ वर. चढतानाही हेच, पण चढताना चार आठवडे थांबत नाही. पहिल्या दोन आठवड्यांतच ६ गेले की लाल चिठ्ठी परत बाराव्या खोक्यापुढे जाते. उतरवायला उशीर झाला तर एक पेटी पडून राहते, चढवायला उशीर झाला तर माणूस परत जातो. दोन्ही चुकांची किंमत वेगळी, म्हणून नियमही वेगळे.

सध्या चिठ्ठी दोनवर आहे. मृग लागायच्या आधी फवारणी पंपाच्या नोझलची आणि वॉशरची पातळी काढायची आहे, आणि त्यासाठी गेल्या खरिपाची नाही-वही काढून बसलो आहे. तिच्यात एका पानावर नुसतं "नोझल, लय लोक" असं लिहिलेलं सापडलं. पोराला विचारलं तर म्हणतो, त्या दिवशी मोजायला वेळच नव्हता. त्या ओळीला मी आठ धरले आहेत.